सेर की एस्तार? स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मराठी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवताना दर बॅचला जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. स्पॅनिशमध्ये 'व्ह' लिहिलं तरी उच्चार 'ब' होतो, म्हणून बेर्दे, बीबो असं दिसेल. 'असणे' या अर्थाची स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार, आणि कुठे कोणतं वापरायचं याबद्दलचे हे प्रश्न आहेत. सेरची वर्तमानकाळातली रूपं सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. एस्तारची एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान. ती पाठ आहेत असं धरून पुढे जातो.

मराठीत एका 'आहे'वर सगळं भागतं, मग स्पॅनिशला दोन क्रियापदं कशाला लागतात?

भागतं असं आपल्याला वाटतं. 'तुझा भाऊ कसा आहे?' असं कुणी विचारलं तर आपण काय उत्तर देतो? भाऊ गेल्या आठवड्यात आजारी होता हे विचारणाऱ्याला माहीत असेल तर 'आता बरा आहे' म्हणतो. विचारणारा त्याला कधी भेटलेलाच नसेल तर 'उंच आहे, जरा अबोल आहे' असं सांगतो. म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि शब्द एकच. कुठला प्रश्न विचारलाय हे आपण प्रसंगावरून ओळखतो. स्पॅनिश माणूस ते क्रियापदावरून ओळखतो. 'कोमो एस्ता तू एर्मानो?' म्हणजे भावाची तब्येत कशी आहे, आणि 'कोमो एस तू एर्मानो?' म्हणजे तो माणूस कसा आहे. दुसऱ्या प्रश्नाला 'ताप उतरला' असं उत्तर दिलंत तर समोरचा गोंधळेल.

या दोन क्रियापदांची मुळं आपल्याला परकी नाहीत. एस्तार आलं लॅटिनच्या स्तारे, म्हणजे उभं राहणे, या धातूपासून. संस्कृतातला स्था तो हाच, दोन्ही एकाच जुन्या घरातले. सेरचं 'एस' हे रूप लॅटिन 'एस्त'पासून आलं, जे आपल्या 'अस्ति'चं भावंड आहे, आणि 'सोन' हे 'सन्ति'चं. (सेरच्या काही रूपांत लॅटिनमधलं 'बसणे' हे दुसरं क्रियापदही मिसळलं आहे, पण तो गुंता इथे नको.)

हे सांगण्याचं कारण व्युत्पत्तीची हौस एवढंच नाही. स्था धातूपासून आपल्याकडे दोन नामं आली, अवस्था आणि स्थान. एस्तारची मुख्य कामंही नेमकी हीच दोन. एखादी गोष्ट कुठल्या अवस्थेत आहे आणि कुठल्या स्थानी आहे, हे एस्तार सांगतं. ती गोष्ट मुळात काय आहे, कशी आहे, कोणाची आहे, कुठली आहे, हे सेर सांगतं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर हे दोनच शब्द असतात.

कायमचं असेल तर सेर आणि तात्पुरतं असेल तर एस्तार, असं पुस्तकात वाचलं. ते पुरेसं नाही का?

नाही. पहिल्या महिन्यात हा नियम हात देतो आणि तिसऱ्या महिन्यात पाय ओढतो. मृत्यूइतकं कायमचं काही नसतं, तरी स्पॅनिशमध्ये माणूस 'एस्ता मुएर्तो' असतो. माद्रिद स्पेनमध्ये आहे आणि तिथून हलायचं नाही, तरी 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या'. ख्रिस्ती लोकांची रोजची प्रार्थना सुरू होते 'पाद्रे नुएस्त्रो, के एस्तास एन एल सिएलो' अशी, म्हणजे 'स्वर्गात असलेल्या आमच्या बापा'. देवाचं स्वर्गातलं वास्तव्य तात्पुरतं आहे असं कुठलाही स्पॅनिश धर्मगुरू म्हणणार नाही, तरी क्रियापद एस्तारच, कारण प्रश्न स्थानाचा आहे.

उलट बाजूही पाहा. विद्यार्थी असणं दोनचार वर्षांचं, पण 'सोय एस्तुदियान्ते'. घड्याळात एक वाजलाय हे तासभरसुद्धा टिकत नाही, पण 'एस ला ऊना'. किती काळ टिकतं हा प्रश्नच चुकीचा आहे.

मुएर्तो पुन्हा एकदा बघू. मराठीत आपण 'मेलेला' म्हणतो. त्या '-लेला'त एक बदल घडून गेल्याची खूण आहे: आधी जिवंत होता, मग काहीतरी झालं, आता ही अवस्था. तुटलेला, उघडलेलं, दमलेली, झोपलेले, या सगळ्यांत तीच खूण दिसते, आणि स्पॅनिशमध्ये या सगळ्यांसाठी एस्तार येतं: एस्ता रोतो, एस्ता आबिएर्तो, एस्ता कान्सादा, एस्तान दोर्मीदोस. मराठी कानाला ही खूण आयतीच मिळालेली आहे. मनात '-लेला' आलं की एस्तारकडे वळा. या सवयीला एक अपवाद आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

मग विशेषणांच्या बाबतीत नेमकं काय बघायचं?

तुम्ही कशाशी तुलना करताय ते बघायचं. सेर वापरताना ती गोष्ट तुम्ही एका गटात टाकता आणि तिची तुलना इतरांशी होते. एस्तार वापरताना तुलना त्याच गोष्टीशी होते: ती एरवी कशी असते, आधी कशी होती, किंवा कशी असेल असं तुम्हाला वाटलं होतं.

बर्फ थंडच असतो, म्हणून 'ला निएबे एस फ्रीया'. सूप गरम यायला हवं होतं आणि गार आलं, म्हणून 'ला सोपा एस्ता फ्रीया', आणि ही तक्रार आहे. पण आंदालुसियातलं गास्पाचो हे टोमॅटोचं सूप गारच वाढायची पद्धत आहे. त्याची ओळख करून देताना 'एस उना सोपा फ्रीया' म्हणजे हा गार सूपचा प्रकार आहे, असं म्हणतात. तापमान दोन्ही वाट्यांत सारखंच असेल, पण एकीत ती ओळख झाली आणि दुसरीत अवस्था.

वर्षभराने भेटलेल्या भाच्याला आपण 'किती उंच झालास रे!' म्हणतो. स्पॅनिश आत्या म्हणेल 'के आल्तो एस्तास!' तिने 'एरेस आल्तो' म्हटलं तर ते नुसतं वर्णन झालं, वर्षभरात वाढल्याचं आश्चर्य त्यात उरलं नाही. लग्नाला नटून आलेल्या मैत्रिणीला 'के गुआपा एस्तास', म्हणजे आज काय सुंदर दिसतेयस! मराठीत अशा वेळी आपण 'आहे' बहुतेक वापरतच नाही, हे ध्यानात घ्या. उंच झालास, सुंदर दिसतेयस, भाजी छान झालीये, आमटी खारट लागतेय. तुमच्या मनातल्या वाक्यात झालंय, दिसतंय, लागतंय असं काही येत असेल तर स्पॅनिशमध्ये बहुतेक वेळा एस्तारच निघतं.

'आहे' म्हणजे एस्तार आणि 'असतो' म्हणजे सेर, असं मानलं तर चालेल?

हा शोध दर वर्षी कुणीतरी नव्याने लावतं, आणि लावणारा वर्गातला हुशार विद्यार्थी असतो. कल्पना मोहक आहे, पण चुकीची आहे. 'असतो' हे सवय किंवा नेहमीची गोष्ट सांगतं. 'या कॅन्टीनमधली कॉफी नेहमी गार असते' हे वाक्य घ्या. इथे 'असते' आहे, गोष्ट रोजची आहे, तरी स्पॅनिशमध्ये 'एल काफे सिएम्प्रे एस्ता फ्रीयो' असंच म्हणायचं. कॉफी हा गार पदार्थ नव्हे. तिची बिघडलेली अवस्था रोज पुन्हा पुन्हा होते एवढंच. शंभर वेळा झाली म्हणून अवस्थेची ओळख होत नाही.

उलटही तसंच. 'ही माझी बहीण आहे' यात 'असते' नाही, पण क्रियापद सेर. आहे आणि असतो यांच्यातला फरक मराठीचा स्वतःचा आहे, तो स्पॅनिशच्या खाचेत बसत नाही.

'सोय अबुर्रीदो' म्हटल्यावर सगळे हसले. माझं काय चुकलं?

तुम्हाला म्हणायचं होतं 'मला कंटाळा आलाय'. तुम्ही म्हणालात 'मी कंटाळवाणा माणूस आहे'. हवं होतं 'एस्तोय अबुर्रीदो', आणि बाई असेल तर 'एस्तोय अबुर्रीदा'.

एकच शब्द दोन इतके वेगळे अर्थ कसे देतो हे एकदा समजून घेतलं की चूक परत होत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळू. अबुर्रीर म्हणजे कंटाळा आणणे. अबुर्रीदो हे त्याचं '-लेला' रूप. सरळ हिशेबाने त्याचा अर्थ ज्याला कंटाळा आणला गेलाय तो, म्हणजे कंटाळलेला. ही अवस्था, म्हणून एस्तार. इथपर्यंत कोडं नाही.

कोडं दुसऱ्या अर्थाचं आहे. जो कंटाळा आणतो तोही अबुर्रीदोच. कर्म आणि कर्ता दोघांना एकच विशेषण कसं? यासाठी आपल्या मराठीतच बघा. 'शिकलेली गोष्ट' म्हणजे जी कुणीतरी शिकून घेतली ती. पण 'शिकलेला माणूस' म्हणजे ज्याला कुणी शिकून घेतलं तो नव्हे, तर ज्याने स्वतः शिक्षण घेतलं तो. 'प्यायलेलं पाणी' पोटात गेलेलं असतं, 'प्यायलेला माणूस' मात्र रस्त्यात झोकांड्या खात असतो. आपण रोज हे बोलतो आणि अडखळत नाही. स्पॅनिशमध्येही वाचलेलं पुस्तक 'लेईदो' आणि भरपूर वाचन केलेला माणूसही 'लेईदो'. प्यायलेला तिकडेही 'बेबीदो'च.

वर म्हटलेला अपवाद तो हाच. '-लेला' रूप जेव्हा झालेल्या बदलाऐवजी माणसाचा किंवा वस्तूचा गुण सांगू लागतं, तेव्हा ते सेरच्या बाजूला जातं. बहुश्रुत माणूस 'एस मुई लेईदो' असतो. रटाळ सिनेमा 'एस अबुर्रीदा' असतो, तिथे सिनेमा म्हणजे पेलीकुला, स्त्रीलिंगी. तो सिनेमा बघणारे आपण 'एस्तामोस अबुर्रीदोस'. सिनेमा रटाळ आहे म्हणून आपण कंटाळलोय हे कारण आणि परिणाम एकाच विशेषणात आले आणि क्रियापदाने त्यांची वाटणी केली.

कान्सादोची गोष्टही तशीच. 'एस्तोय कान्सादो' म्हणजे दमलोय. 'कोन्दुसीर दे नोचे एस कान्सादो' म्हणजे रात्री गाडी चालवणं दमवणारं काम आहे.

मराठीत या चुकीला जागाच नाही, कारण कंटाळलेला आणि कंटाळवाणा हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत. शिवाय बोलताना आपण दोन्ही टाळून 'मला कंटाळा आलाय' म्हणतो, जिथे कंटाळाच कर्ता होऊन आपल्याकडे चालत येतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, अबुर्रीदो बोलण्याआधी मनातल्या मनात मराठी विशेषण निवडा. कंटाळलेला निघालं तर एस्तार, कंटाळवाणा निघालं तर सेर. अगदीच धास्ती वाटत असेल तर 'मे अबुर्रो' म्हणा, म्हणजे 'मी कंटाळतोय'. त्यात दोन्ही क्रियापदांची कटकट नाही आणि ते शंभर टक्के स्वाभाविक स्पॅनिश आहे.

असे अर्थ बदलणारे आणखी शब्द कोणते? यादी मिळेल का?

मोठी यादी पाठ करून फायदा होत नाही, म्हणून रोज लागणारे थोडे सांगते आणि प्रत्येकात तेच सूत्र कसं दिसतं ते बघू.

लिस्तो: सेरबरोबर हुशार, एस्तारबरोबर तयार. दार वाजवणाऱ्याला 'सोय लिस्ता' म्हणून ओरडलात तर 'मी हुशार आहे' असं जाहीर होतं.

बेर्दे: सेरबरोबर हिरवा रंग, एस्तारबरोबर कच्चं फळ. पालक जातीनेच हिरवा, पण केळं हिरवं म्हणजे अजून पिकलेलं नाही, ती अवस्था. नोकरीत नवख्या माणसालाही 'एस्ता बेर्दे' म्हणतात. आणि 'बिएखो बेर्दे', शब्दशः हिरवा म्हातारा, म्हणजे चावट म्हातारा. देठ हिरवा असलेल्या म्हाताऱ्यांना ओळखणाऱ्या मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

बीबो: एस्तारबरोबर जिवंत, सेरबरोबर चलाख, कधी कधी जरा जास्तच चलाख. रिको: माणूस 'एस रिको' म्हणजे श्रीमंत, जेवण 'एस्ता रिको' म्हणजे चविष्ट. सेगूरो: 'एस्तोय सेगूरा' म्हणजे मला खात्री आहे, आणि एखादी गल्ली 'एस सेगूरा' म्हणजे तिथे धोका नाही. मालो: दूध 'एस्ता माला' म्हणजे नासलंय, स्पेनमध्ये माणूस 'एस्ता मालो' म्हणजे आजारी आहे, आणि 'एस मालो' म्हणजे वाईट स्वभावाचा.

राहिला बुएनो, तो सगळ्यांत धोक्याचा.

'बुएनो' धोक्याचा का?

जेवणाच्या पानावर तो बिनधोक आहे आणि फार उपयोगीसुद्धा. कारल्याबद्दल आपण म्हणतो, तब्येतीला चांगलं असतं पण चांगलं लागत नाही. स्पॅनिशमध्ये हे वाक्य सहा शब्दांत बसतं: 'एस बुएनो पेरो नो एस्ता बुएनो'. यातले दोन बुएनो तेच आहेत, क्रियापदाने एकाला गुण केलं आणि दुसऱ्याला चव.

माणसाबद्दल मात्र जपून. 'एस बुएनो' म्हणजे भला माणूस. 'एस्ता बुएनो' याचा बोलीतला अर्थ शरीराने आकर्षक असा होतो, आणि तो सभ्य मंडळींत म्हणायचा नव्हे. आजारातून उठलेल्या माणसाबद्दलही काही ठिकाणी 'या एस्ता बुएनो' म्हणतात, पण तुमच्या तोंडून ऐकणारा कोणता अर्थ घेईल ते तुमच्या हातात नाही. यजमानीणबाईंची चौकशी करताना 'एस्ता बिएन?' विचारा. बिएन म्हणजे बरं, ते नेहमी एस्तारबरोबर जातं आणि त्यात दुसरा अर्थ दडलेला नाही.

जागा सांगायला एस्तार, मग 'ला फिएस्ता एस एन मी कासा' यात सेर कुठून आलं?

कारण फिएस्ता, म्हणजे पार्टी, ही वस्तू नाही. ती कुठे ठेवलेली नसते, ती घडते. वस्तू, माणसं, इमारती, शहरं यांचं स्थान एस्तारने सांगायचं आणि कार्यक्रम कुठे होणार हे सेरने.

याला मराठीतलं माझं आवडतं उदाहरण 'पेपर' हे आहे. परीक्षेच्या दिवशी कुणी विचारलं 'पेपर कुठे आहे?' तर दोन शक्यता असतात. एक, परीक्षा कोणत्या हॉलमध्ये आहे. दोन, प्रश्नपत्रिकेचा कागद कुठे गेला. स्पॅनिशमध्ये एक्सामेन हा शब्दही असाच दुहेरी आहे. 'दोन्दे एस एल एक्सामेन?' विचारलंत तर हॉल नंबर मिळेल. 'दोन्दे एस्ता एल एक्सामेन?' विचारलंत तर ऐकणारा टेबलावरचे कागद चाळू लागेल. लग्न, बैठक, मॅच, कॉन्सर्ट, सगळ्यांना हेच लागू. तुमच्या वाक्यात 'आहे'च्या जागी 'होणार आहे' बसत असेल तर सेर वापरा.

लग्न झालंय हे सांगताना सेर की एस्तार? आणि आनंदी आहे हे?

दोन्ही चालतात. 'एस कासादो' आणि 'एस्ता कासादो' दोन्ही ऐकू येतात, बोलण्यात एस्तार जास्त. 'सोय फेलीस' म्हणजे मी सुखी माणूस आहे, 'एस्तोय फेलीस' म्हणजे आत्ता आनंदात आहे. यात चूक होण्यासारखं काही नाही.

पुढे नाम आलं तर?

सेर. 'सोय मेदिको', 'एस उन प्रोब्लेमा'. स्पेनच्या बोलीत 'एस्तार पेस' असा वाक्प्रचार आहे, पेस म्हणजे मासा, आणि अर्थ एखाद्या विषयात ढ असणे. असले वाक्प्रचार सोडले तर या नियमाला फारसा धक्का बसत नाही.

एखाद्या खऱ्याखुऱ्या मजकुरात चुका कशा शोधायच्या ते दाखवाल का?

माझी एक विद्यार्थिनी तीन आठवड्यांच्या कोर्ससाठी सालामान्काला गेली होती. एका बाईंच्या घरी राहत होती. तिने त्यांना पाठवलेला मेसेज तिने नंतर मला हसत हसत दाखवला. तिच्या परवानगीने त्यातली पाच वाक्यं घेते.

पहिलं, 'या सोय लिस्ता'. तिला म्हणायचं होतं मी तयार आहे, बाईंनी वाचलं मी आता हुशार झाले. तयारी ही अवस्था, म्हणून 'या एस्तोय लिस्ता'.

दुसरं, 'ओय सोय उन पोको अबुर्रीदा'. ओय म्हणजे आज, उन पोको म्हणजे थोडी. 'आज मी थोडी कंटाळवाणी आहे' असं झालं. वाक्यातला 'आज' हाच इशारा होता: कंटाळवाणेपणा वार बघून येत नाही, कंटाळा येतो. म्हणून एस्तोय.

तिसरं, 'मी आबितासियोन एस फ्रीया', माझी खोली थंड आहे. इथे व्याकरण चुकलेलं नाही, आणि म्हणूनच ही चूक पकडायला कठीण. एस फ्रीया म्हणजे ती खोलीच थंड आहे, उत्तरेकडची असेल, भिंती ओलसर असतील. बाईंना वाटलं पोरीला खोली आवडलेली नाही, आणि त्यांनी दुसरी खोली देऊ केली. खरी गोष्ट एवढीच की त्या दिवशी हीटर बंद पडला होता. 'एस्ता फ्रीया' लिहिलं असतं तर त्या सरळ हीटर बघायला आल्या असत्या. एका शब्दावरून ऐकणारा पुढे काय करतो ते बदललं.

चौथं, 'दोन्दे एस्ता ला फिएस्ता?' पार्टी होणार आहे, ठेवलेली नाही. म्हणून 'दोन्दे एस'.

पाचवं, 'नो सोय सेगूरा', मला खात्री नाही या अर्थाने. हे वाचून स्पॅनिश माणसाला वाटेल ही मुलगी स्वतःला आत्मविश्वास नसलेली म्हणतेय. 'नो एस्तोय सेगूरा' हवं. पाचही वाक्यांत तिने सोप्या वाटणाऱ्या शब्दांवर घात करून घेतला होता, अवघड क्रियापदं तिची बरोबर होती. हे मी बऱ्याच वह्यांत पाहिलंय.

मी गोव्याचा, घरी आजीला पोर्तुगीज येतं. तिच्याकडून शिकलेलं सेर-एस्तार स्पॅनिशमध्ये चालेल?

बरंचसं चालेल. 1961 पर्यंत गोव्यात पोर्तुगीज राजवट होती आणि त्या काळी शाळेत गेलेल्या पिढीला ही जोडी पक्की येते. अवस्था आणि ओळख ही वाटणी दोन्ही भाषांत साधारण सारखीच आहे. फरक पडतो तो न हलणाऱ्या गोष्टींच्या स्थानाबाबत. चर्च कुठे आहे हे पोर्तुगीजमध्ये सेरने किंवा फिकार या तिसऱ्याच क्रियापदाने विचारतात. स्पॅनिशमध्ये तिथे एस्तारच लागतं, 'दोन्दे एस्ता ला इग्लेसिया?'

आजीकडे आणखी एक खजिना असेल, तो म्हणजे प्रार्थना. मारियेच्या प्रार्थनेत स्पॅनिशमध्ये 'एल सेन्योर एस कोन्तीगो' येतं, म्हणजे प्रभू तुझ्याबरोबर आहे. आजच्या बोलण्यात इथे 'एस्ता कोन्तीगो' म्हणायला हवं. पण मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये स्थानासाठीही सेर चालत असे. पुढे एस्तारने हळूहळू ती जागा घेतली, प्रार्थना मात्र होती तशीच राहिली. पोर्तुगीज प्रार्थनेतही त्या जागी सेरच आहे. एकाच माणसाच्या तोंडी एका प्रार्थनेत देव 'एस्तास' आणि दुसरीत 'एस', हे बघितलं की या सीमारेषा कालांतराने सरकलेल्या आहेत हे कळतं.

मेक्सिकन मैत्रीण म्हणाली 'ला पेलीकुला एस्ता अबुर्रीदा'. सिनेमा कसा कंटाळेल? ती चुकली का?

चुकली नाही. तुलना कशाशी चाललीये, हा मगाचा प्रश्न इथेही विचारा. ती सिनेमाला कंटाळवाण्या सिनेमांच्या गटात टाकत नाहीये. आत्ता बघताना मला हा कसा लागतोय ते सांगतेय, जसं आमटी खारट लागतेय तसं. मेक्सिकोत हा वापर सैल आहे. तिथे घराबद्दलही 'ला कासा एस्ता चिकीता', म्हणजे लहानसं आहे, असं सहज म्हणतात, जिथे माद्रिदचा माणूस बहुधा सेर वापरेल. झालेल्या कार्यक्रमाबद्दल तर 'ला फिएस्ता एस्तूबो अबुर्रीदा', पार्टी रटाळ झाली, हे ठिकठिकाणी ऐकू येतं. मराठीतही आपण तिथे 'होती'पेक्षा 'झाली' म्हणतो.

एवढंच लक्षात ठेवा की ही मोकळीक सिनेमाला आणि पार्टीला आहे. तुम्ही स्वतःबद्दल 'सोय अबुर्रीदा' म्हणालात तर मेक्सिकोतही लोक तुम्हाला रटाळच समजतील.